‘अला मुहम्मदिन्’ पण ‘अला इब्राहीम-अ’: जेर न घेणारे अरबी शब्द ओळखायचे कसे

प्रश्न: सर, दुरूदमध्ये आपण ‘अला मुहम्मदिन्’ म्हणतो आणि लगेच पुढे ‘अला इब्राहीम-अ’. दोन्हीच्या आधी ‘अला’च आहे, मग एकाला जेर आणि दुसऱ्याला जबर का? क्लासमध्ये सांगितलं की गैर-मुन्सरिफ आहे, नऊ कारणं पाठ करा. पाठ केली, पण वाचताना समोर शब्द आला की ओळखताच येत नाही. कुठले कुठले शब्द असे वागतात, जरा नीट सांगाल का?

उत्तर:

नऊ कारणांची यादी चुकीची नाहीये, पण ती पाठ करून शब्द ओळखता येत नाही, हे मी शिकवताना नेहमी बघतो. यादी ज्यांनी केली त्यांना शब्द आधीच माहीत होते, ते फक्त कारण शोधत होते. आपल्याला उलटं करायचंय, शब्द समोर आहे आणि त्याच्या शेवटी काय लावायचं ते ठरवायचंय. म्हणून मी वेगळ्या क्रमाने सांगतो.

लिहायचं कसं ते आधी ठरवू. देवनागरीत ‘इब्राहीमा’ लिहिलं की शेवटचा आ लांब वाटतो, तो लांब नाही, नुसता जबर आहे. म्हणून मी शेवट तोडून लिहितोय: पेश म्हणजे -उ, जबर म्हणजे -अ, जेर म्हणजे -इ, आणि तन्वीन असेल तर -उन्, -अन्, -इन्.

साधा अरबी शब्द तीन शेवट घेतो. कर्ता असेल तर किताब-उन्, कर्म असेल तर किताब-अन्, आणि फी, मिन, इला, अला यांच्यापैकी काही आधी आलं किंवा ‘अमक्याचा’ असा संबंध असला तर किताब-इन्. गैर-मुन्सरिफ शब्दाकडे दोनच शेवट आहेत. कर्ता असेल तर इब्राहीम-उ, आणि बाकी दोन्ही जागी इब्राहीम-अ. म्हणजे तो तन्वीन कधी घेत नाही आणि जेरच्या जागी जबर घेतो.

आता इथे एक गोष्ट पक्की करा, नाहीतर पुढे सगळं घसरतं. ‘अला इब्राहीम-अ’ मध्ये इब्राहीम कर्म झालेला नाही. तो जेरच्याच जागी बसलाय, फक्त जेरची खूण म्हणून त्याच्यावर जबर आहे. पुरावा हवा असेल तर मागे विशेषण जोडून बघा: ‘इला अहमद-अल्-करीम-इ’. अहमदवर जबर आहे पण करीमवर सरळ जेर आला. विशेषण आपल्या नामाची जागा बघून शेवट घेतं, नामाचं तोंड बघून नाही.

दुसरी गोष्ट, आणि ही कारणं शोधायच्या आधी तपासायची. शब्दाला ‘अल्’ लागलं असेल, किंवा तो ‘अमक्याचा अमका’ या जोडीतला पहिला शब्द (मुजाफ) असेल, तर गैर-मुन्सरिफपणा तिथे दिसतच नाही, तो नेहमीसारखा जेर घेतो. यासाठी माझी आवडती जोडी ‘अहसन’ची. सूरह निसाच्या ८६व्या आयतीत सलामाला उत्तर द्यायचा हुकूम आहे, ‘फ-हय्यू बि-अहसन-अ मिन्हा’. ‘बि’ आहे तरी जबर. आणि सूरह अत्-तीन तर बहुतेकांना पाठ असते, तिथे ‘फी अहसन-इ तक्वीम’. शब्द तोच, पण दुसऱ्या ठिकाणी तो ‘तक्वीम’शी जोडलेला पहिला शब्द आहे म्हणून जेर परत आला. तसंच ‘मसाजिद’ एकटा असेल तर ‘फी मसाजिद-अ’, पण सूरह बकरात एतिकाफच्या आयतीत ‘फिल्-मसाजिद-इ’.

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो असा, की विद्यार्थी ‘जोडीत आला की जेर’ एवढंच लक्षात ठेवतात. जोडीत पहिला आला तर. दुरूदमध्येच पुढे बघा ना, ‘व अला आल-इ इब्राहीम-अ’. इथे जोडीतला पहिला शब्द ‘आल’ आहे, इब्राहीम दुसरा आहे, आणि दुसरा असला तर काही फरक पडत नाही, जबर तो जबरच.

आता मूळ मुद्दा, कुठले शब्द. जुन्या व्याकरणकारांचं, सिबवैहपासूनच, म्हणणं असं होतं की क्रियापदाला जेर नाही आणि तन्वीनही नाही, आणि जे नाम काही बाबतीत क्रियापदाच्या जवळ जातं त्याच्यातून या दोन्ही गोष्टी काढून घेतल्या जातात. हे पटो न पटो, पण त्यातून एक कामाची गोष्ट निघते: एक कारण पुरत नाही, दोन लागतात. नुसतं नाव असून भागत नाही, म्हणूनच मुहम्मद-उन्, जैद-उन् हे आरामात तन्वीन घेतात. नाव असावं आणि वर आणखी काहीतरी असावं. फक्त दोन गोष्टी अशा आहेत की त्या एकट्या दोघांचं काम करतात, शेवटचा जास्तीचा स्त्रीलिंगी अलिफ आणि ‘मसाजिद’च्या वजनाचं अनेकवचन. त्यामुळे मला विचाराल तर नऊ कारणं सोडा, चार दारं लक्षात ठेवा: नावं, विशेषणं, शेवटी अलिफवाले, आणि मसाजिदवाले.

नावांपासून सुरू करू, कारण तुमचा प्रश्न तिथलाच आहे. सूरह निसाची १६३वी आयत काढा. एकाच आयतीत इतकी नावं आलीत की मी क्लासमध्ये हीच घेतो. सुरुवात ‘इला नूह-इन्’. जेर, तन्वीनसकट. मग ‘इला इब्राहीम-अ व इस्माईल-अ व इसहाक-अ व याकूब-अ’, चौघेही ‘इला’च्या हाताखाली आणि चौघांवर जबर. मग ‘वल्-अस्बात-इ’, जेर आला, कारण तो नावच नाही, ‘सिब्त’चं साधं अनेकवचन आहे आणि वर अल् लागलंय. मग ‘ईसा’, त्याच्या शेवटी अलिफ असल्यामुळे कुठलाच शेवट ऐकू येत नाही. मग ‘अय्यूब-अ व यूनुस-अ व हारून-अ व सुलैमान-अ’, परत जबरची रांग. आणि शेवटी ‘व आतैना दावूद-अ जबूर-अन्’. दावूदवरचा जबर मात्र खरोखर कर्माचा आहे, कारण ‘आम्ही दावूदला दिलं’ असं वाक्य आहे. म्हणजे याकूबवरचा जबर आणि दावूदवरचा जबर दिसायला एक, जागा वेगळ्या, आणि हे फक्त आधीचा शब्द बघूनच कळतं. त्याच्या शेजारी ‘जबूर-अन्’ तन्वीन घेऊन बसलाय, तोही कर्म, पण मुन्सरिफ.

यातले इब्राहीम, इस्माईल वगैरे गैर-मुन्सरिफ का, तर नाव आहे हे एक आणि अरबीबाहेरून आलेलं आहे हे दुसरं. मग नूहने काय पुण्य केलं? तेही बाहेरचंच नाव. तर नूह तीन अक्षरी आहे आणि मधलं अक्षर साकिन, त्याच्यावर हरकत नाही. एवढं हलकं नाव असलं तर बाहेरचं असूनही ते तन्वीन घेतं. लूतचं तेच. म्हणून पैगंबरांच्या नावांसाठी मदरशात एक सहाची यादी सांगतात जी तन्वीन घेते: मुहम्मद, सालिह, शुऐब, हूद, नूह, लूत. बाकीची जी नेहमी भेटतात ती जवळपास सगळी गैर-मुन्सरिफ धरून चाला.

ही यादी हाताला बसवायची असेल तर सूरह आराफ उघडा. एकाच साच्याचं वाक्य तीनदा येतं, ‘अमक्या कौमकडे त्यांचा भाऊ अमका’. ६५व्या आयतीत ‘व इला आद-इन् अखाहुम हूद-अन्’, ७३व्या आयतीत ‘व इला समूद-अ अखाहुम सालिह-अन्’, ८५व्या आयतीत ‘व इला मद्यन-अ अखाहुम शुऐब-अन्’. पैगंबराचं नाव तिन्ही वेळा कर्माच्या जागी, तिन्ही वेळा तन्वीनसकट, म्हणजे वरच्या यादीतले तिघे इथे सापडले. पण ‘इला’नंतर बघा, आद तीन अक्षरी आणि मध्ये अलिफ म्हणून जेर, तर समूद आणि मद्यन जबरवर. वाक्य एकच असल्यामुळे फरक नुसता कानालाही कळतो. जाता जाता, समूदच्या बाबतीत एक छोटा सापळा आहे. सूरह हूदच्या ६८व्या आयतीत मुसहफमध्ये समूदच्या मागे एक जास्तीचा अलिफ छापलेला दिसेल. काही किराअतीत तिथे तन्वीन आहे म्हणून तो अलिफ लिहिला जातो, पण आपल्याकडे जी हफ्सची किराअत चालते तिच्यात ‘समूद-अ’च वाचतात. अलिफ दिसला म्हणून ‘समूदन्’ करू नका.

बाहेरच्या नावांनंतर स्त्रीलिंगी नावं, आणि ही संख्येने भरपूर. मर्यम, जैनब, फातिमा. इथे ‘स्त्रीलिंगी’ म्हणजे फक्त बाईचं नाव असं नाही. शेवटी गोल ते असेल तर माणूस पुरुष असला तरी चालतं, हम्जा आणि तल्हा हे पुरुष आहेत, तरी ‘अन हम्जत-अ’. शहरं आणि देश अरबीत बहुतेक स्त्रीलिंगीच धरतात म्हणून ‘बि-बत्न-इ मक्कत-अ’, ‘मिन दिमश्क-अ’, ‘इला बगदाद-अ’. रत्नागिरी-रायगडकडची कितीतरी मंडळी आखातात आहेत, त्यांच्या तोंडातलीच नावं घ्या: ‘फी कतर-अ’, ‘फी उमान-अ’ जबरवर, पण ‘फिल्-कुवैत-इ’ आणि ‘फिस्-सऊदिय्यत-इ’ जेरवर, कारण या दोन नावांना अल् आहे. हे अर्थात बातम्यांच्या आणि पुस्तकी अरबीत. दुकानात, साइटवर बोलतात त्या अरबीत शेवट कोणी लावतच नाही, तिथे ‘फी कतर’ एवढंच.

बाईचं नाव तीन अक्षरी असून मधलं साकिन असेल, जसं हिंद, दअ्द, तर दोन्ही चालतं, तन्वीन लावा किंवा लावू नका. कोणी ‘हिंद-इन्’ म्हटलं म्हणून चूक काढायला जाऊ नका. आणि ‘मिस्र’साठी कुरआनात दोन्ही रूपं मिळतात, पण अर्थाच्या फरकाने. सूरह यूसुफमध्ये ‘उद्खुलू मिस्र-अ’, हा इजिप्त देश. सूरह बकरात ‘इह्बितू मिस्र-अन्’, इथे बहुतेक जण ‘कुठल्याही एखाद्या शहरात उतरा’ असाच अर्थ घेतात. नावपण गेलं की दोनपैकी एक कारण गेलं, आणि तन्वीन परत आली. एका उदाहरणात अख्खा नियम दिसतो.

स्त्रीलिंगी जागांमध्ये अरफात मात्र वेगळं पडतं. ‘फ-इजा अफज्तुम मिन अरफात-इन्’. नाव आहे, जागा आहे, तरी जेर आणि तन्वीन दोन्ही. कारण त्याचा साचा मुस्लिमात, मुअ्मिनात यांच्यासारखा -आत वाल्या अनेकवचनाचा आहे आणि तो साचा स्वतःचे शेवट सोबत घेऊन येतो.

नावांमधले उरलेले प्रकार पटकन सांगतो. शेवटी जास्तीचे अलिफ-नून असलेली, उस्मान, सुलैमान, शाबान, रमजान. म्हणूनच ‘शहर-उ रमजान-अल्लजी’, जोडीतला दुसरा शब्द असूनही जबर. क्रियापदाच्या वजनाची, अहमद, यजीद, यस्रिब. दोन शब्द चिकटून झालेली, हद्रमौत, बालबक्क. आणि ‘फुअल’ वजनाची, उमर, जुफर, जुहल. या शेवटच्या प्रकाराला व्याकरणकार ‘अद्ल’ म्हणतात, की मूळचा आमिर होता आणि तो वळवून उमर केला वगैरे. माझं स्पष्ट मत आहे की हे कारण मागाहून बसवलेलं आहे. अरब लोक उमरला तन्वीन लावत नव्हते हे ऐकून माहीत होतं, दुसरं कुठलंच कारण सापडेना, म्हणून हे. असली पुरुषांची नावं मोजकीच आहेत, सरळ पाठ करा.

पण उमरवरून एक मजेदार गोष्ट लिखाणात दिसते. उमर आणि अम्र ही दोन नावं हरकती काढल्या तर एकसारखी, ऐन-मीम-रे. गोंधळ होऊ नये म्हणून अम्रच्या मागे एक वाव लिहितात, जो वाचायचा नसतो. आता गंमत बघा, अम्र कर्म झाला की हा वाव गायब होतो. का, तर अम्र मुन्सरिफ आहे, कर्म झाल्यावर तो ‘अम्र-अन्’ होतो आणि त्या तन्वीनसाठी मागे अलिफ लिहावा लागतो. उमर गैर-मुन्सरिफ, त्याच्या मागे असा अलिफ कधी येऊच शकत नाही. म्हणजे अलिफ दिसला की तो अम्रच, मग वावची गरज काय! कातिबांनी गैर-मुन्सरिफचा नियम वापरून एक अक्षर वाचवलंय.

दुसरं दार, विशेषणं. इथे मुख्य एकच साचा आहे, ‘अफअल’. रंग आणि शारीरिक खुणा: अह्मर, अस्वद, अब्यज, अअ्मा. आणि तुलनेचे शब्द: अक्बर, अहसन, अस्गर. ‘अल्लाहु अक्बर-उ’ मध्ये तन्वीन नाही ती याचमुळे. फक्त हे बघायचं की शब्द खरंच विशेषण आहे आणि त्याचं स्त्रीलिंग शेवटी गोल ते लावून होत नाही. ‘अर्नब’ म्हणजे ससा, वजन तेच पण ते नाम आहे, म्हणून ‘अर्नब-उन्’. ‘अर्मल’ म्हणजे विधुर, त्याचं स्त्रीलिंग ‘अर्मला’, गोल ते लागला, म्हणून तोही तन्वीन घेतो.

‘फअ्लान’ साच्याचंही तसंच. मूसा कौमकडे परतले ते ‘गजबान-अ असिफ-अन्’. दोन विशेषणं शेजारी शेजारी, दोन्ही एकाच जागी, पहिल्याला तन्वीन नाही आणि दुसऱ्याला आहे. गजबानचं स्त्रीलिंग ‘गजबा’ होतं, ‘गजबाना’ नाही, म्हणून. याशिवाय आकड्यांमधले ‘मस्ना व सुलास-अ व रुबाअ-अ’ आणि ‘उखर’ हा एक शब्द, तो रोज्यांच्या आयतीमुळे सगळ्यांच्या कानावर असतो, ‘मिन अय्याम-इन् उखर-अ’. त्यात अय्यामवर जेर आणि त्याच्या विशेषणावर जबर, म्हणजे वर अहमद-अल्-करीमला जे झालं त्याचं बरोब्बर उलटं.

तिसरं दार माझ्या मते सगळ्यात फसवं आहे, शेवटी ‘-आ’ किंवा ‘-आअ्’ असलेले शब्द. हे एका कारणावर गैर-मुन्सरिफ होतात, पण अट अशी की तो शेवट जास्तीचा हवा, मूळ धातूतला नको. आता हे ओळखायचं कसं? मूळ अक्षरं मोजा. अलिफच्या आधीच तीन मूळ अक्षरं पूर्ण झाली असतील तर पुढचं सगळं जास्तीचं, तन्वीन नाही. दोनच झाली असतील तर शेवटचा भाग तिसरं मूळ अक्षर आहे, तन्वीन येणार.

करून बघू. ‘उलमाअ्’: ऐन, लाम, मीम, तीन झाली, मग आअ्. गैर-मुन्सरिफ. ‘फुकराअ्’, ‘अंबियाअ्’, ‘सहराअ्’ तसंच. गायीच्या गोष्टीत ‘बकरत-उन् सफराअ्-उ’, स्वाद, फे, रे झाली, म्हणून सफराअ् तन्वीनशिवाय. आता ‘अस्माअ्’ म्हणजे नावं: सुरुवातीचा अलिफ अनेकवचनाचा, मग सीन, मीम, दोनच. तिसरं वाव होतं त्याचा हम्जा झालाय. म्हणून सूरह नज्ममध्ये ‘इल्ला अस्माअ्-उन्’. ‘अब्नाअ्’, ‘अह्याअ्’, ‘दुआअ्’, ‘समाअ्’ सगळे असेच, सगळ्यांना तन्वीन.

आणि मग येतो ‘अश्याअ्’, म्हणजे वस्तू. शीन, ये, दोनच झाली, हिशोबाने तन्वीन यायला हवी. पण सूरह माइदाच्या १०१व्या आयतीत ‘ला तस्अलू अन अश्याअ्-अ’. ‘अन’ आहे, तरी जबर, तन्वीन नाही. यावर मोठमोठे लोक भांडलेत. खलीलचं म्हणणं की मूळ शब्द ‘शैआअ्’ होता, अक्षरांची जागा बदलली आणि पहिला हम्जा शब्दाच्या सुरुवातीला गेला, म्हणजे शेवटचा हम्जा जास्तीचाच. किसाईचं म्हणणं की तो अस्माअ्च्याच साच्याचा आहे, पण दिसायला हम्राअ्सारखा म्हणून लोकांनी तसा वागवला. तुम्ही वाद बाजूला ठेवा आणि हा एक शब्द अपवाद म्हणून लक्षात ठेवा, कारण परीक्षेत आणि वाचनात तोच येतो.

हीच मोजणी छोट्या अलिफलाही चालते. ‘हुदन् लिल्-मुत्तकीन’ आणि ‘जिक्रा लिल्-आलमीन’ ही जोडी घ्या. हुदा मध्ये हे आणि दाल, दोनच, म्हणून तन्वीन. जिक्रा मध्ये जाल, काफ, रे, तीन झाली, म्हणून नुसता ‘जिक्रा’. दुनिया, कुब्रा, हुब्ला सगळे जिक्राच्या बाजूचे.

चौथं दार, मसाजिदवाले. पहिल्या अक्षरावर जबर, तिसरं अक्षर अलिफ, आणि अलिफच्या पुढे एकतर दोन अक्षरं (मसाजिद, मदारिस, दफातिर, जराइद) किंवा तीन अक्षरं ज्यांतलं मधलं साकिन ये (मफातीह, कनादील, मसाबीह). बस, या साच्यात बसलं की दुसरं कारण शोधायचं नाही, नाव असायची गरज नाही. बरेच जण इथे चूक करतात ती अशी, की ‘मोडकं अनेकवचन म्हणजे गैर-मुन्सरिफ’ असं धरून बसतात. सूरह सबाच्या १३व्या आयतीत सुलैमानसाठी काय काय बनवायचे त्याची यादी आहे: ‘मिन महारीब-अ व तमासील-अ व जिफान-इन् कल्-जवाबि व कुदूर-इन्’. चारही मोडकी अनेकवचनं, चारही ‘मिन’च्या हाताखाली. महारीब आणि तमासील साच्यात बसतात म्हणून जबर, जिफान आणि कुदूर बसत नाहीत म्हणून जेर आणि तन्वीन.

साच्यात बसल्यासारखे वाटून न बसणारे म्हणजे मागे गोल ते लागलेले. ‘मलाइका’ सुरुवातीला मसाजिदसारखाच आहे, पण पुढे ते लागला की साचा मोडला, म्हणून ‘मलाइकत-उन्’. उलट ‘मवाद्द’, ‘दवाब्ब’ यांच्यात अलिफपुढे एकच अक्षर दिसतं पण ते डबल आहे, म्हणजे दोनच, म्हणून हे साच्यातले, तन्वीन नाही.

शेवटी ये असलेले मात्र खरी डोकेदुखी. ‘लयाली’ म्हणजे रात्री. साच्यात बरोब्बर बसतो, तरी सूरह फज्रमध्ये ‘व लयाल-इन् अश्र’ असं वाचतो, आणि विद्यार्थी म्हणतात सर नियम मोडला. मोडलेला नाही. पेश आणि जेरच्या जागी तो ये गळून पडतो आणि त्याची भरपाई म्हणून ही तन्वीन येते, ती नेहमीची तन्वीनच नाही. कर्म किंवा कालवाचक म्हणून जबरच्या जागी बसवा, ये टिकतो आणि शब्द आपल्या मूळ स्वभावावर येतो. सूरह सबाच्या १८व्या आयतीत ‘सीरू फीहा लयालिय-अ व अय्याम-अन्’, रात्रींना तन्वीन नाही, दिवसांना आहे. गवाशी, जवारी, मआनी हे सगळे लयालीच्याच रांगेतले.

आता हरकती नसलेलं वाचताना यातलं किती दिसतं? खरं तर एकच गोष्ट, तन्वीनचा अलिफ. ‘मी पुस्तकं वाचली’ लिहिताना ‘कुतुब’च्या मागे अलिफ येतो, ‘मी मशिदी पाहिल्या’ लिहिताना ‘मसाजिद’च्या मागे येत नाही. तुम्ही स्वतः लिहाल तेव्हा पहिली चूक इथेच होणार, कर्म आहे म्हणून हात आपोआप अलिफ काढतो, आणि तपासणारा तेवढ्यावरूनच ओळखतो. म्हणून लिहून झालं की कागदावरचे सगळे शेवटचे अलिफ एकदा बघून घ्या: त्या शब्दाचा साचा मसाजिदचा आहे का, तो अफअलचं विशेषण आहे का, की उमर-उस्मानसारखं नाव आहे. तिन्हीपैकी काही असेल तर अलिफ खोडा.